पंख वाळवणारा प्रत्येक काळा पक्षी पाणकावळा नसतो: उजनीच्या फोटोंची वर्गवारी

११ जानेवारी २०२५

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो, म्हणजे असंच काम हाती घेणाऱ्याला अंदाज येईल. आम्ही चौघे गेले काही हिवाळे उजनीच्या फुगवट्यावर, भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या बाजूला फोटो काढतो. त्यातून महिनावार यादी करायची आहे: कोणत्या महिन्यात कोणता मासेखाऊ पक्षी कुठे दिसला. बाकीचे फोल्डर बऱ्यापैकी लावून झाले. राहिला तो ‘पाणकावळे सर्व’ नावाचा एक फोल्डर. पाण्यातल्या खुंटावर पंख पसरून बसलेलं काळं काहीही दिसलं की प्रत्येकाने ते इथे टाकून दिलंय.

आत निदान चार जाती आहेत. लहान पाणकावळा, मध्यम पाणकावळा, मोठा पाणकावळा आणि तिरंदाज, ज्याला काही जण सर्पपक्षी म्हणतात. वरवर चाळलं तर दोन-तीन बगळेही घुसलेले दिसतात.

साधनं जुनीच आहेत: लॅपटॉप, फोटोंना टॅग लावायला डिजिकॅम, आणि फोटोमागची माहिती काढायला एक्झिफटूल. दोन्ही फुकट मिळतात. खर्च फक्त नव्या हार्ड डिस्कचा, साडेचार हजार. तो आधीच केला असता तर बरं झालं असतं. दोन कॅमेऱ्यांच्या फाइलींची नावं सारखीच निघाली आणि कॉपी करताना एकाच्या फाइली दुसऱ्याच्या फाइलींवर चढल्या. मूळ कार्डं शाबूत होती म्हणून निभावलं, पण अख्खी दुपार पुन्हा कॉपी करण्यात गेली. आता प्रत्येक कॅमेऱ्याचा फोल्डर वेगळा ठेवलाय.

१२ जानेवारी

पहिला प्रयत्न आकारावरून. पुस्तकी हिशोब सोपा आहे. लहान पाणकावळा साधारण ५० सेंमी, मध्यम ६३ च्या आसपास, मोठा ८० ते १००, आणि तिरंदाज ८५ ते ९७. म्हणजे लहान आणि मोठा यांत गल्लत व्हायचं कारणच नाही, असं वाटतं.

फोटोत मात्र ती सर्रास होते. पाण्यातला खुंट किती जाड आहे हे कळायला मार्ग नाही. मनगटाएवढ्या फांदीवरचा लहान पाणकावळा आणि बुंध्यावरचा मोठा, दोघांनी फ्रेम सारखीच भरली की डोळा फसतो. त्यात पंख उघडले की लहानगाही दांडगा वाटतो.

आकार उपयोगी पडला तो एकाच परिस्थितीत: शेजारी ओळखीचा पक्षी असेल आणि दोघे सारखेच स्पष्ट असतील तेव्हा. दोघे सारखे स्पष्ट म्हणजे कॅमेऱ्यापासून जवळपास एकाच अंतरावर. वारकरी ४० सेंमीच्या आतबाहेरचा, आणि उजनीत त्याला तोटा नाही. त्याच्या बाजूला बसलेला काळा पक्षी धडाने त्याच्याएवढाच दिसला तर तो लहान पाणकावळा, यात फारसा वाद राहत नाही. असे फोटो वेगळे काढले. पण ते मूठभरच निघाले.

१८ जानेवारी

पंखांच्या ठेवणीवरून गट पाडायला बसलो. तिरंदाज पंख पूर्ण ताणून धरतो आणि पाणकावळे अर्धवट, असं आमच्यातल्या एकाचं ठाम मत. सकाळभर त्या कसोटीने फोटो लावले. मग खात्रीचे, म्हणजे चोच बाजूने स्वच्छ दिसणारे फोटो घेऊन तीच कसोटी उलटून पाहिली आणि ती तिथेच मोडली.

पाणकावळ्याचा पंख बहुधा मनगटात वाकलेला असतो आणि बाहेरची पिसं खाली लोंबतात, दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्यासारखी. तिरंदाज तुलनेने सपाट आणि रुंद पसरतो, सोबत बरेचदा शेपटीही फुलवतो. ही ढोबळ प्रवृत्ती खरी आहे. पण हा पक्षी अर्धा तास पंख उघडून बसतो आणि तेवढ्यात शंभर तऱ्हा करतो. नुकताच पाण्यातून आलेला मोठा पाणकावळाही पंख पार ताणतो. वाळत आलेला तिरंदाज ते अर्धे मिटतो. वारा सुटला की दोघांचेही पंख वारा ठरवेल तसे. शिवाय पाणकावळे अधूनमधून पंख हलवून झटकतात, आणि नेमक्या त्या क्षणी शटर दाबलं की फोटोत ती वेगळीच ठेवण वाटते.

सकाळची वर्गवारी पुसून टाकली. पंखांची ठेवण एवढंच सांगते की पक्षी ‘वाळवणाऱ्यां’पैकी आहे. नाव सांगत नाही.

हा कारभार मुळात का चालतो, ते थोडक्यात, कारण पुढे त्याचा उपयोग झाला. पाणकावळ्यांना तेलग्रंथी नसते म्हणून ते भिजतात असं सगळीकडे ऐकू येतं. तेलग्रंथी असते. फरक पिसाच्या बांधणीत आहे. पाणकावळ्याच्या पिसाची बाहेरची कड भिजते, पण आतला भाग पाणी धरत नाही, त्यामुळे अंगालगत हवेचा पातळ थर टिकतो. तिरंदाजाची पिसं बऱ्याच अंशी आरपार भिजतात. त्यामुळेच तो पाण्यात इतका बुडून पोहू शकतो की वर नुसती मान राहते. पण बाहेर आला की त्याच्या अंगातली ऊबही झपाट्याने जाते. म्हणून त्याला पंख नुसते वाळवायचे नसतात, ऊनही खायचं असतं. कोरडा असला तरी थंडीच्या सकाळी तो पंख उघडून बसतो.

२६ जानेवारी

ऊन खायचं तर पाठ सूर्याकडे हवी. तिरंदाजाच्या अमेरिकी भावंडाचा, अनहिंगाचा, अभ्यास झालाय. तो पंख पसरताना पाठ उन्हाकडे करतो असं त्यात नोंदलं आहे. म्हटलं, आपले फोटो काय म्हणतात ते पाहू. त्यासाठी फोटोची वेळ हवी, म्हणजे सूर्य कुठे होता ते कळेल. वेळांची यादी काढायला एवढं पुरतं:

```
exiftool -csv -DateTimeOriginal -FocalLength -ext jpg . > yadi.csv
```

यादी पाहून चक्रावलो. एका कॅमेऱ्यातले निम्मे फोटो पहाटे अडीच-तीनचे! फोटोत लख्ख ऊन. त्या कॅमेऱ्याचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर राहिलं होतं, साडेपाच तास मागे. शंका नको म्हणून एकाच होडीतून त्याच क्षणी दुसऱ्या कॅमेऱ्याने टिपलेला तोच पक्षी शोधला, आणि फरक बरोबर साडेपाच तासांचा निघाला. दुरुस्ती अशी, आणि ती फक्त त्या एका फोल्डरमध्ये उभं राहून:

```
exiftool "-AllDates+=5:30" -ext jpg .
```

हे करताना एक्झिफटूल मूळ फाइल `_original` नावाने बाजूला ठेवतं. ती लगेच पुसू नये. आज्ञा चुकून दोनदा चालली तर वेळ अकरा तास पुढे जाते आणि मग मूळ फाइल हाताशी असलेली बरी.

२ फेब्रुवारी

उन्हाची कसोटी खात्रीच्या फोटोंवर लावून झाली. सावली कुठे पडली, अंगाची कोणती बाजू उजळली आणि वेळ काय, एवढं पाहिलं की सूर्याची दिशा कळते. स्वच्छ उन्हातल्या, सकाळच्या तिरंदाजांनी बहुतेक वेळा पाठ उन्हाला दिलेली. पाणकावळे मात्र वाटेल त्या दिशेला. वाऱ्याच्या दिवशी ते ज्या त्या खुंटावर एकाच बाजूला तोंड करून बसलेले दिसतात.

आनंदाने उडी मारणार तेवढ्यात भाचीने एक प्रश्न विचारला. ती अभ्यास सोडून शेजारी बसून पाहत होती. “मामा, तुम्ही फोटो काढताना सूर्य तुमच्या पाठीशीच ठेवता ना? मग ज्याची पाठ उन्हाला त्याची पाठ तुम्हालाच दिसणार.”

बरोबरच होतं. फोटो काढणारा सवयीने ऊन मागे घेतो. तिरंदाजही ऊन मागे घेतो. परिणाम असा की आमच्याकडचे तिरंदाजाचे चांगल्या उजेडातले फोटो बहुतांशी मागून घेतलेले आहेत. आणि जे समोरून आहेत ते विरुद्ध उजेडातले, नुसत्या काळ्या आकृत्या. पाणकावळ्यांचं तसं नाही. म्हणून दिशा ही पुरावा म्हणून धरायची नाही, नुसता इशारा म्हणून धरायची, असं ठरवलं. ढगाळ दिवशी तर तिचा विचारच करायचा नाही.

पण या प्रश्नाने कामाचा रस्ता बदलला. तोवर मी चोच शोधत होतो. मागून काढलेल्या फोटोत चोच दिसतच नाही, दिसते ती पाठ. मग पाठच वाचायला शिकायला हवं.

९ फेब्रुवारी

पाठीचा अभ्यास. हा सगळ्यात फळलेला आठवडा म्हणायला हरकत नाही.

तिरंदाजाने पंख उघडले की खांद्यावरची लांब, निमुळती पिसं उघडी पडतात. प्रत्येक पिसाच्या मधोमध रुपेरी-पांढरी रेघ असते. पंखाच्या वरच्या भागावरही तशाच रेघा, त्यामुळे मागून पाहिलं तर खांद्यापासून निघणारा फिका रेघांचा पट्टा दिसतो. पंख मिटलेले असताना या रेघा पाठीवर उभ्या पडतात, पण पसरलेल्या ठेवणीत जास्त ठळक दिसतात. पंखांच्या ठेवणीचा खरा फायदा हा, की ती दाखवण्यासारखं उघडं करते.

मोठ्या आणि मध्यम पाणकावळ्याच्या पाठीवर रेघा नसतात, खवले असतात: तपकिरी झाक असलेली पिसं आणि प्रत्येकाला काळी कड. लहान पाणकावळ्याची पाठ दुरून नुसती काळी दिसते, जवळून खांद्यावर थोडी करडी झाक.

मग शेपटी. तिरंदाजाची शेपटी लांब, टोकाकडे रुंद होत जाणारी. अगदी जवळच्या, तीक्ष्ण फोटोत मधल्या शेपटीच्या पिसांवर आडव्या वळ्या दिसतात, पन्हाळीच्या पत्र्यावर असतात तशा नागमोडी. आमच्याकडे अशा वळ्या दिसतील असे फोटो थोडेच, पण जिथे दिसल्या तिथे दुसरं काही बघायची गरज पडली नाही. लहान पाणकावळ्याची शेपटीही अंगाच्या मानाने लांबच असते, म्हणून नुसत्या ‘लांब शेपटी’वर विसंबू नये. तिचं टोक आणि तिच्या वरची मान एकत्र पाहावी.

१६ फेब्रुवारी

आज पुन्हा पाण्यावर. होडीचं भाडं चौघांत वाटलं, पेट्रोल धरून माणशी चारशे पडले. या खेपेला फोटो मोजके काढायचे आणि एकेका पक्ष्याकडे बराच वेळ बघायचं असं ठरवून गेलो, कारण फोल्डरमधल्या माना समजत नव्हत्या.

तिरंदाजाच्या मानेतला वाक पाहायला मिळाला. मणक्यांच्या रचनेमुळे, आठव्या मणक्यापाशी, ती मान सरळ होऊ शकतच नाही असं नाही, पण सहज बसलेली असताना तिथे कोन पडतो. मान आखडली की इंग्रजी झेडसारखी घडी होते आणि घडीचा कोपरा पुढच्या बाजूला फुगवट्यासारखा येतो. हा स्प्रिंगेचा सांधा आहे. पाण्याखाली मासा टप्प्यात आला की घडी झटक्यात उलगडते आणि चोच माशात घुसते.

होडीवाल्या दादांना विचारलं की तुम्ही कसं ओळखता. ते म्हणाले, “साहेब, मानेचं मला नाय सांगता यायचं. पण ह्याच्या चोचीवर चिलापी टोचलेली आसती, त्याच्या चोचीत धरलेली आसती.”

हे मला कोणत्याही खुणेपेक्षा आवडलं. पाणकावळ्याची चोच टोकाला आकडीसारखी वाकलेली, त्यामुळे तो मासा आडवा पकडून धरतो. तिरंदाजाची चोच सरळ, टोकदार, कडांना बारीक दाते. तो मासा भोसकतो, मग झटके देऊन सोडवतो, हवेत उडवतो आणि डोक्याकडून गिळतो. फोटोत मासा असेल तर सगळ्यात आधी मासा कसा धरलाय ते बघायचं, असा नियम त्या संध्याकाळी यादीत गेला. घरी येऊन मासेवाले फोटो काढले तर त्यात एक तिरंदाज ‘मोठा पाणकावळा’ या टॅगखाली बसलेला सापडला. चिलापी आरपार टोचलेली, आणि तरी चौघांपैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

२ मार्च

मानेवरून केलेल्या वर्गवारीतही एक भोक निघालं. सावध झालेला तिरंदाज मान पूर्ण ताणतो, आणि मग कोन जवळपास नाहीसा होतो. काळ्या आकृतीत तो ताणलेल्या मानेच्या मध्यम पाणकावळ्यासारखा दिसतो. मध्यमची मानही सडपातळ आणि चोचही बारीक, लांबट. याच जोडीने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला.

तोडगा डोक्यात मिळाला. तिरंदाजाचं डोकं मानेपेक्षा रुंद नसतंच म्हटलं तरी चालेल. मान बारीक होत होत चोच होते, मध्ये कुठे कपाळ येत नाही. मध्यम पाणकावळ्याचं डोकं लांबट असलं तरी डोकं म्हणून ते वेगळं कळतं, कपाळाशी वळण असतं. लहानचं कपाळ तर उभंच, चोच आखूड आणि डोक्याच्या लांबीपेक्षा स्पष्ट कमी. मोठ्याची मान जाड, डोकं कोनदार, चोच भक्कम. उजेड असेल तर चोचीच्या मुळाशी पिवळी कातडी आणि तिच्यामागे पांढरट भाग दिसतो. विणीच्या पिसाऱ्यात असेल तर डोक्यावर पांढरी केसांसारखी पिसं आणि मांडीवर पांढरा डाग.

चोचीच्या आकडीबद्दल एक इशारा. आकडी दिसली म्हणजे पाणकावळा, हे पक्कं. पण आकडी दिसली नाही म्हणजे तिरंदाज, हे साफ चूक. लांबचा फोटो कापून मोठा केला की चोचीचं टोक चार-पाच पिक्सेलांत मावतं आणि आकडी विरघळते. उजेडाच्या विरुद्ध तर टोकावर पांढरी कड येऊन ते आणखी अणकुचीदार दिसतं. आम्ही मर्यादा ठरवली: पूर्ण आकारात पाहताना चोचीच्या टोकाची जाडी आठ-दहा पिक्सेलांपेक्षा कमी असेल तर आकडीचा मुद्दा विचारात घ्यायचा नाही. आठ-दहा हा आमचा आकडा, तुमच्या कॅमेऱ्याला दुसरा लागेल.

९ मार्च

एक फोटो सविस्तर लिहून ठेवतो, कारण त्यावर सगळ्यात जास्त वाद झाला.

गेल्या वर्षीचा फेब्रुवारी, मावळतीच्या आधी, डिकसळकडचा. पाण्यात उभ्या वाळक्या बाभळीवर पक्षी, पंख उघडे, तोंड आमच्याकडे. मागे सूर्य, त्यामुळे अख्खा पक्षी काळा. दोघांचं मत मोठा पाणकावळा, एकाचं तिरंदाज, मी कुंपणावर.

आधी दिशा. सूर्य पक्ष्यामागे, म्हणजे पाठ उन्हाला. तिरंदाजाकडे झुकणारा इशारा, पण संध्याकाळचं ऊन मंद, तेव्हा वजन कमी. पाठ दिसत नसल्याने रेघांचा प्रश्नच नव्हता. कच्ची फाइल होती म्हणून सावल्या उजळून पाहिल्या. छातीवर नुसता गोंगाट वाढला.

मग चोच. ती थेट कॅमेऱ्याकडे रोखलेली, म्हणजे फोटोत तिची लांबी शून्य. आकडीबाबत काहीही म्हणणं चूक ठरलं असतं, आणि ‘चोच आखूड आहे’ हा मोठ्या पाणकावळ्याच्या बाजूने दिलेला मुद्दाही इथेच बाद झाला. समोरून पाहिल्यावर प्रत्येकाचीच चोच आखूड दिसते.

शेपटी खुंटाच्या एका बाजूने खाली आलेली. तिची खालची कड रुंद आणि गोलसर, मुळापेक्षा स्पष्ट पसरट. मोठ्या पाणकावळ्याची शेपटी अशी फुलत नाही. आता तराजू हलला.

शेवटी मान. पंखांच्या खांद्यांना जोडणारी रेघ काढली आणि तिथून हनुवटीपर्यंत मोजलं, मग त्याच रेघेपासून पोटाच्या खालच्या टोकापर्यंत. मान धडाएवढी भरली. समोरून पाहताना मान पुढे झुकलेली असेल तर ती प्रत्यक्षापेक्षा आखूड दिसते, लांब दिसू शकत नाही. म्हणजे खरी मान निदान तेवढी तरी आहेच. मोठ्या पाणकावळ्याच्या जाड मानेला हे जमणं कठीण.

निकाल लावला तो पुढच्या फ्रेमने. लागोपाठ काढलेल्या फोटोंपैकी फक्त एकच मूळ फोल्डरमध्ये आला होता, बाकीचे ‘हललेले’ म्हणून बाजूला टाकलेले. त्यातल्या एकात पक्ष्याने डोकं वळवलंय. फोटो हललाय, पण बाजूची आकृती स्वच्छ: कपाळ नाही, डोकं मानेएवढंच, चोच त्या डोक्यापेक्षा लांब. तिरंदाज. हललेले फोटो पुसू नयेत, हे त्या दिवसापासून पाळतो. डोकं वळवताना हललेला फोटो कधीकधी दहा देखण्या फोटोंपेक्षा जास्त सांगतो.

१६ मार्च

बगळ्यांचा निकाल. राखी बगळाही ऊन खातो, पण त्याची तऱ्हा वेगळी: पंख अर्धे उघडून खाली सोडतो आणि पंखांची आतली बाजू पुढे, उन्हाकडे करतो. छोट्या फोटोत तो पंख वाळवणारा पाणकावळा वाटला होता. लांब पाय दिसले की विषय संपतो. पाणकावळा आणि तिरंदाज यांचे पाय आखूड, चारही बोटं पडद्याने जोडलेली.

अडचण जांभळ्या बगळ्याची. त्याच्याही मानेत कोन असतो, तीही तांबूस आणि सापासारखी, आणि तो लव्हाळ्यात उभा राहिला की पाय झाकले जातात. तिरंदाजही पाण्याबाहेर नुसती मान काढतो. अशा फोटोत मी मानेच्या बाजूचा पट्टा बघतो. जांभळ्या बगळ्याच्या मानेवर काळी रेघ उतरते, तिरंदाजाच्या मानेवर डोळ्यापासून पांढरट रेघ. बगळ्याच्या डोक्याचा माथा काळा असतो, तेही मदतीला येतं.

तरुण तिरंदाजाची मान मात्र फिकट, जवळजवळ मळकट पांढरी असते, तिथे रंग फसवतो. तरुण मोठ्या पाणकावळ्याचं पोटही पांढरट असतं, त्यामुळे ‘पांढरं पोट म्हणजे पिल्लू तिरंदाज’ असंही म्हणता येत नाही. तरुण पक्ष्यांना पुन्हा मान, डोकं आणि चोच यांवरच सोडवलं, रंगाचा रकाना रिकामा ठेवून.

२३ मार्च

आता फोल्डरची मांडणी अशी: चार जातींचे चार टॅग, पाचवा ‘बगळे’, सहावा ‘पाणकावळा, जात ठरत नाही’, आणि सातवा ‘तिरंदाज की पाणकावळा, ठरत नाही’. सहाव्यात सगळ्यात जास्त फोटो आहेत, मुख्यतः लांबचे मध्यम-लहान. ते यादीत त्या नावानेच जातील, कुणाच्या अंदाजाने जातीत ढकलायचे नाहीत असं चौघांनी ठरवलं. एकाला ते फार रुचलं नाही, त्याचे बरेच फोटो त्यात आहेत.

प्रत्येक फोटोला टॅगसोबत कारणही एका शब्दात लिहिलं: ‘रेघा’, ‘मासा’, ‘कपाळ’, ‘आकडी’, ‘शेजारी’. निर्णय बदलला तर कोणत्या आधारावर बदलला हे कळतं, आणि दुसऱ्या कुणाला तपासायला सोपं जातं. हे पहिल्याच दिवशी सुरू केलं असतं तर जानेवारीतले निम्मे फोटो पुन्हा उघडावे लागले नसते.

पुढच्या हिवाळ्यासाठी होडीत सांगायच्या गोष्टी कार्डावर लिहून दिल्या आहेत. पंख उघडलेला पक्षी दिसला की पहिला फोटो काढून थांबू नये, तो डोकं बाजूला वळवेपर्यंत थांबावं. शक्य असेल तर होडी थोडी फिरवून शेपटीचं टोक फ्रेममध्ये घ्यावं. आणि निघण्यापूर्वी चारही कॅमेऱ्यांची घड्याळं एकमेकांशी लावून घ्यावीत.